आमची वाटचाल : काटा क्रमांक दोन

2009 साली विश्रामबागेतल्या एका खोलीत दोन संगणक मांडून मी काम सुरू केलं. पहिली गिऱ्हाइकं सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची अडत दुकानं. शेतकऱ्याची पट्टी तयार करायची, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा करायची, एवढाच तेव्हाचा आमचा प्रोग्रॅम होता. पुढे एका साखर कारखान्याने वजनकाट्याचं काम दिलं आणि तेच आमचं मुख्य काम झालं. उसाची गाडी काट्यावर आली की इंडिकेटरवरचं वजन थेट संगणकात घ्यायचं, भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून निव्वळ ऊस काढायचा, शेतकऱ्याची पावती छापायची. आज आम्ही सात जण आहोत.

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात गावभागातल्या आमच्या दोन गिऱ्हाइकांचे संगणक पाण्याखाली गेले, पण त्यांचा हिशोब आमच्याकडे जपलेला होता म्हणून वाचला. तेव्हापासून बॅकअपच्या बाबतीत मी अतिशय कडक आहे. एका माणसाच्या डोक्यात असलेल्या माहितीचाही बॅकअप लागतो, हे मात्र मला दोन हंगामांपूर्वी कळलं. ती हकीकत आणि त्यानंतर मी माझ्या माणसांना लिहिलेलं पत्र इथे मांडतो. पत्रात सगळ्यांची नावं आहेत. इथे त्यांच्या सांगण्यावरून फक्त कामाने ओळख देतो.

त्या वर्षी कारखान्याने भरलेल्या गाड्यांसाठी दुसरा काटा नव्याने बसवला होता. साठ टनांचा, दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवणारा. तो आमच्या प्रोग्रॅमला जोडायचा होता. काट्याचं सगळं काम आमचा एक सहकारी एकट्याने बघायचा. गव्हाणीत मोळी पडून गळीत हंगाम सुरू व्हायला नऊ दिवस उरले असताना तो कारखान्यावर जाऊन आला आणि त्याच रात्री फणफणला. तिसऱ्या दिवशी डेंग्यूचं निदान झालं आणि त्याला मिरजेला दवाखान्यात दाखल केलं.

पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा त्याचा स्वतःचाच फोन आला. "सर, बरं वाटतंय, लॅपटॉप पाठवून द्या." डॉक्टरांनी त्याच्या बायकोला आदल्याच दिवशी समजावलं होतं की डेंग्यूत खरी काळजी ताप उतरल्यावरच घ्यायची असते, प्लेटलेट त्याच वेळी घसरतात. मी लॅपटॉप पाठवला नाही. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की कामासाठी त्याला कोणी फोन करायचा नाही, भेटायला गेलात तर कारखान्याचं नावही काढायचं नाही. हा निर्णय मी घेतला खरा, पण त्याचा भार उरलेल्यांवर पडला. पत्र लिहायचं मनात आलं ते त्यामुळेच.

सगळ्यात आधी काम लहान करावं लागलं. आमची सपोर्टची ताई कारखान्याच्या शेतकी ऑफिसात आणि केनयार्डात दिवसभर बसून आली आणि पहिल्या दिवशी कशावाचून गाडी अडेल, ते लिहून आणलं. वजन, पावती आणि गाडीचा नंबर, एवढंच. उसाचं बिल पंधरवड्याचं असतं. कायद्याने ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणजे बिलाच्या आणि तोडणी-वाहतुकीच्या कपातीच्या कामाला मोळीनंतरही दोन आठवडे मिळत होते. मी चीफ अकाउंटंट साहेबांना भेटून हे मांडलं. त्यांनी वही काढून तारखा मोजल्या आणि "चालेल" म्हणाले. आमचं निम्मं ओझं तिथे उतरलं.

आता राहिला होता काटा. आमचा सगळ्यात नवा मुलगा, कामाला लागून जेमतेम आठ महिने झालेला, तो केबल घेऊन गेला. काटा रिकामा असताना संगणकावर शून्य आलं. सगळं ठीक दिसलं. मग गोदामातून निघालेला साखरेचा ट्रक काट्यावर घेतला. इंडिकेटरवर 18,430 किलो, संगणकावर 34,810. ट्रक खाली करून रिकामा आणला, तर प्रोग्रॅमने वजनच घेतलं नाही. काट्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वजन आहे, असा निरोप दाखवला. रिकामा ट्रक साठ टनांच्या वर!

प्रत्येकाने आपापल्या परीने कारण शोधलं. केबल बदलली, तारेतून आकडे येण्याचा वेग तपासला, संगणक बदलला. खरं तर अशा चुकीचे आकडे पकडायला आमच्या प्रोग्रॅममध्ये दोन चाळण्या आहेत. काटा दहा किलोंच्या टप्प्याचा, म्हणून शेवटचा अंक शून्यच हवा. आणि वजन साठ हजारांच्या आत हवं. 34,810 या दोन्ही चाळण्यांतून बिनबोभाट खाली उतरत होतं. मला भीती वाटली ती याचीच. गाडी अडली तर निदान चूक दिसते. पण वजन चुकीचं असून पावती छापली गेली, तर ती शेतकऱ्याच्या हातात जाते. आणि उसाच्या काट्यावरचा विश्वास एकदा उडाला की परत येत नाही.

उत्तर सापडलं ते ताईंना, आणि तेही वहीत. त्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही. पण इंडिकेटरवरचा आकडा आणि संगणकावरचा आकडा त्या प्रत्येक वेळी एकाखाली एक लिहून ठेवत होत्या. रात्री साडेनऊला त्यांनी नव्या मुलाला वही दाखवली. "अरे, अंक तर तेच आहेत." 018430 आणि 034810. आकडा उलटा वाचला जात होता. रिकाम्या ट्रकचे 7,260 किलो, म्हणजे 007260, उलटे वाचले की 62,700 होतात, म्हणून प्रोग्रॅमने ते नाकारले. शून्य उलटं वाचलं तरी शून्यच, म्हणून पहिली चाचणी पास झाली. आणि सहा अंकी आकड्याच्या पुढचं शून्य उलटताना शेवटी येतं, म्हणून टप्प्याची चाळणीही फसली. जुना काटा वजन सरळ पाठवायचा, नवा शेवटच्या अंकापासून पाठवत होता. काही इंडिकेटर तसे असतात. तारेतून येत होतं ते असं:

```
=034810
```

इंडिकेटरच्या आतली जुळवणी बदलायला मी परवानगी दिली नाही. काट्याला वैधमापनाचं सील असतं, त्याला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. दुरुस्ती आमच्याच बाजूने, फक्त दुसऱ्या काट्यापुरती करायची होती. ती एका ओळीत झाली:

```
kilo = CLng(StrReverse(Mid$(s, 2, 6)))
```

ओळ लिहायला दोन मिनिटं लागली, तपासायला दीड दिवस. प्रत्येक गाडी दोन्ही काट्यांवर घेतली, दोन्ही वजनं वहीत लिहिली. मुद्दाम जड, हलक्या, रिकाम्या अशा बारा गाड्या घेतल्या. बाराही गाड्यांत फरक एखाद्या टप्प्यापलीकडे गेला नाही. तरीही आमच्या हिशोबनीस काकांनी दोन हजार छापील पावत्या कार्बनसकट तयार करून काट्याच्या खोलीत ठेवल्या. संगणक बंद पडला तरी हाताने पावती फाडून गाडी पुढे गेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ती पुडकी शेवटी उघडावी लागली नाहीत. पण ती तिथे आहेत हे माहीत असल्यामुळे त्या सकाळी काट्यावरच्या क्लार्कचे हात थरथरले नाहीत, हे मी समोर उभा राहून पाहिलं.

मोळी वेळेवर पडली. पंधरवड्याचं पहिलं बिलही वेळेत निघालं.

मग पत्र. मी पहिला मसुदा केला होता तो चार ओळींचा. 'आपण सर्वांनी अथक परिश्रम घेऊन संस्थेचे नाव उज्ज्वल केले' वगैरे. काकांनी वाचला आणि म्हणाले, "हे पत्र शेजारच्या ऑफिसातही वाटता येईल." त्यांचं खरं होतं. मी कारखान्यावरची वही मागवून घेतली, कोणत्या दिवशी कोणी काय केलं ते बघितलं, आणि पुन्हा लिहिलं. त्यातला काही भाग:

"ताई, 'अंक तर तेच आहेत' हे तुम्ही बोललात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि तुमची शेवटची एसटी गेली होती. तुम्ही दिवसभर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहीत होतात. हे काम तुम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते केलं नसतंत तर कितीतरी चुकीच्या पावत्या शेतकऱ्यांच्या हातात गेल्या असत्या.

"तू आठ महिन्यांचा नवा. उत्तर सापडल्यावर लगेच 'झालं' म्हणाला नाहीस, बारा गाड्या दोन्ही काट्यांवर फिरवल्यास. तो दीड दिवस मला त्या एका ओळीपेक्षा मोलाचा वाटतो.

"काका, तुमच्या पावत्या वापराव्या लागल्या नाहीत. त्या वाया गेल्या असं मी मानत नाही.

"चूक माझी होती. काट्याचं काम एकाच माणसाकडे राहू दिलं ते मी. तुम्ही नऊ दिवस जे ओढलंत ते त्या चुकीचं ओझं होतं. जादा तासांचे पैसे पगारात धरलेत आणि प्रत्येकाला सहा दिवसांची भरपाई रजा आहे. ते तुमचं येणंच आहे, आभारात त्याची मोजदाद नाही."

आजारी सहकाऱ्याला वेगळं पत्र दिलं. सगळ्यांच्या पत्रात 'तुझ्या गैरहजेरीत' असे शब्द आले असते तर ते त्याला लागले असते. त्याला एवढंच लिहिलं की दुसऱ्या काट्याची जोडणी, पावतीचा आराखडा आणि गाड्यांची यादी तू आधीच तयार ठेवली होतीस, बाकीच्यांनी तिथून पुढे नेलं. ते अक्षरशः खरं होतं.

तीन आठवड्यांनी तो अर्धा दिवस यायला लागला. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत तरतरी होती. पत्र त्याने टेबलावर ठेवलं आणि ताईंची वही मागितली. 018430 आणि 034810 त्याने बराच वेळ पाहिले. "सर, मला हे त्या संध्याकाळी कारखान्यावरच दिसलं होतं. सकाळी येऊन लिहिणार होतो. रात्री ताप आला."

काट्यांसाठी आम्ही तोवर नवं रजिस्टर केलं होतं, ऑफिसात सगळ्यांच्या हाताशी राहील असं. पहिलं पान कोरं होतं. त्याने पेन काढलं, तारीख घातली आणि लिहिलं : काटा क्रमांक दोन, आकडा उलटा येतो. खाली सही केली आणि रजिस्टर नव्या मुलाकडे सरकवलं. त्यानेही सही केली.