क्रियापद कुठे संपले?

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही म्हटल्यावर मला मराठीच्या सरांचा निबंधाचा तास आठवला. स्वल्पविराम श्वास घ्यायला असतो, असे आम्ही समजत होतो. सरांना ते अजिबात मान्य नव्हते. ‘दम लागला तर पाणी पी, स्वल्पविराम कशाला?’ असे म्हणून ते अहिराणीत विचारत, ‘कोन काय करस?’ कोण काय करतो, एवढे प्रत्येक क्रियापदाशी थांबून शोधायचे.

पुढे नोकरीत पत्रांचे मसुदे माझ्या टेबलावर येऊ लागले. रावेरकडे वादळाने केळी आडवी झाली, त्या वेळचा एक मसुदा साधारण असा होता:

‘केळीबागांची पाहणी केली असून पंचनामा झाला आहे, तरी सातबारा जोडून अर्ज द्यावा, यादी तयार करून, तपासून भरपाई जमा होईल, मुदत शुक्रवारपर्यंत आहे.’

मुदत कशाची? अर्जाची, यादीची की भरपाईची? शेतकरी साहजिकच शुक्रवारी बँकेत जाऊन उभा राहणार.

मी सरांचा प्रश्न लावला. ‘झाला आहे’, ‘द्यावा’, ‘होईल’, ‘आहे’ ही चार पूर्ण क्रियापदे. प्रत्येकापाशी एक विधान संपते, पण पहिल्या तिघांपाशी पूर्णविरामाऐवजी स्वल्पविराम बसला आहे. ‘करून, तपासून’ यांचा दोष वेगळा. ‘ऊन’चे रूप कितीही लांबवा, मराठीला चालते, मात्र ती कामे करणारा आणि शेवटच्या क्रियापदाचा कर्ता सहसा एकच लागतो. इथे शेवटी ‘जमा होईल’ ती भरपाई, म्हणजे यादी तपासणारीही भरपाईच! मसुदा असा केला:

‘आपल्या केळीबागेची पाहणी व पंचनामा झाला आहे. भरपाईसाठी सातबारा जोडून शुक्रवारपर्यंत अर्ज द्यावा. अर्ज तपासून कार्यालय यादी लावील; भरपाई त्यानंतर खात्यात जमा होईल.’

शेवटचा अर्धविराम मुद्दाम ठेवला. दोन्ही विधाने पूर्ण आहेत, पण दुसरे पहिल्यावर अवलंबून आहे.

‘वारा सुटला, पत्रे उडाले, लाईट गेली’ हे मात्र सरांनी कधी खोडले नाही. वाक्ये आखूड आहेत, एकामागून एक घडलेले सांगतात आणि कोणते कशाला जोडायचे असा प्रश्नच पडत नाही. घोळ होतो तो माहिती, सूचना आणि मुदत एकाच माळेत ओवली की. ‘चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील शेतकऱ्यांनी, अर्ज करावेत’ यातला दुसरा स्वल्पविराम तर निव्वळ श्वासाचा. कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये त्याचे काही काम नाही. कार्यालयात सर्वांत जास्त मी तोच खोडला असेन.

नवा मसुदा वाचून साहेब म्हणाले, ‘भाऊ, हे पत्र सरकारी वाटत नाही.’ मी एक ‘सबब’ घालू का विचारले. ते हसले आणि सही केली.