तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यातले डबे

"काकू, एवढे महागाचे हवाबंद डबे आणले, तरी पावसाळ्यात पिठात किडे होतात, साखरेचे गोळे होतात आणि दाण्याच्या कुटाला वास येतो. तुमच्याकडे कसं होत नाही?"

व्हायचं की! चांगली सहा-सात वर्षं होत होतं. माझं माहेर सोलापूरचं आणि सासर रत्नागिरीचं, यातच सगळी गोष्ट आली. सोलापुरात आई पंधरा दिवसांचं दळण आणायची, पिशवीतून तसंच डब्यात ओतायची, झाकण लावायची आणि विसरून जायची. मी इथे पहिल्या जुलैत तेच केलं. लग्नात मिळालेला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात गिरणीतून आणलेलं गरम गरम पीठ. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आतून दहिवर पडल्यासारखे थेंब, कडेच्या पिठाची खपली झालेली आणि नाकाला आंबूस वास.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या दळणाला फक्त एवढंच विचारलं, "पीठ निवलं का गं?"

जात्याच्या घर्षणानं पीठ तापतं, हे पिशवीला हात लावला तरी कळतं. गरम पिठातून वाफ निघत राहते. वर थंड झाकण असलं की ती तिथे धरते, थेंब होतात आणि पुन्हा पिठावर पडतात. वाफ सोलापुरातही निघायचीच, पण आईच्या डब्याचं झाकण सैल आणि बाहेरची हवा कोरडी, त्यामुळे ती निघून जायची. माझ्या डब्यात तिला वाट नव्हती. हवाबंद डबा बाहेरचं आत येऊ देत नाही तसं आतलंही बाहेर जाऊ देत नाही, हे आपण विकत घेताना विसरतो. म्हणून आता दळण आलं की मोठ्या परातीत किंवा कोरड्या सुती पंचावर पसरायचं, वर पंखा लावायचा आणि तासाभरानं हात कोपरापर्यंत नाही, पण मनगटापर्यंत पिठात खुपसून बघायचा. आत गारवा लागला की लगेच भरायचं. रात्रभर मात्र पसरून ठेवू नका. जुलैत आमच्याकडची हवा नव्वद टक्के आर्द्रतेला टेकलेली असते. निवलेलं पीठ तिच्यातलं पाणी ओढायला लागतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

किड्यांचं गणित वेगळं आहे. हवाबंद डब्यात किडे आले कुठून, असं सगळे चिडून विचारतात. ते आले नाहीत, तुम्हीच आत भरलेत. पिठात आणि रव्यात दिसणारा तांबूस, चपटा, तीन-चार मिलिमीटरचा भुंगा आपली अंडी थेट पिठात घालतो. अंडं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, चिकट, वरून पिठानं माखलेलं. तुमच्या चाळणीतून ते खुशाल खाली जातं. तीस अंश तापमानात चार-पाच दिवसांत त्यातून अळी निघते आणि सुमारे महिन्याभरात नवा भुंगा तयार होतो. म्हणजे जूनच्या सुरुवातीला आणलेल्या रव्यात जुलैत किडे दिसले, तर दोष जुलैचा नाही, आणि बहुधा तुमच्या डब्याचाही नाही. गव्हा-तांदळातला सोंडवाला पोरकिडा तो हा नव्हे. तो दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो. हा अख्ख्या दाण्याला फारसं काही करू शकत नाही, याला दळलेलं किंवा फुटलेलं हवं असतं. म्हणूनच मी पावसाळ्यात गहू साठवते आणि पीठ आठ दिवसांपुरतंच आणते.

रवा आणि बेसनाला मी फ्रीझर वापरते. अर्ध्या किलोच्या पिशव्या, चपट्या करून, हवा काढून, तोंड घट्ट बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये. उणे अठरा अंशांत अंडीसुद्धा मरतात. पिशवी जाड असेल तर गारठा मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून चपट्या. नुसत्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, अंडी मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते इतकंच. आणि सगळ्यात मोठी चूक पुढे होते: बाहेर काढल्याबरोबर पिशवी उघडायची नाही. गार रव्यावर दमट हवा लागली की त्याला घाम सुटतो आणि गाठी होतात. बंद पिशवी तीन-चार तास ओट्यावर राहू द्यायची, तिच्यावरचं पाणी पुसायचं आणि मग डब्यात. आमच्याकडे पावसात एकदा वीज गेली की कधी कधी दोन दिवस येत नाही. त्यामुळे हे काम मी मे महिन्यातच उरकते. फ्रीझर नसेल तर रवा कोरडा भाजून, पूर्ण निववून भरा. उपम्याचं अर्धं काम आधीच होतं.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. डब्यातल्या पिठाचा पृष्ठभाग चमच्याच्या पाठीनं गुळगुळीत करायचा, झाकण लावायचं, सकाळी बघायचं. आत कोणी असेल तर पिठावर बारीक भुयारांची नक्षी उमटलेली असते. मला एकदा ती इतकी सुबक दिसली की क्षणभर पुसवेना. किडे थोडे असतील तर लोक चाळून वापरतात. पण पीठ किंचित गुलाबीसर दिसत असेल आणि नाकात झोंबणारा, औषधासारखा वास येत असेल तर चाळूही नका. तो वास भुंग्यांनीच सोडलेल्या द्रव्याचा असतो, भाकरी-पोळीतही उतरतो. टाकून द्या, ओट्याखाली नाही, घराबाहेर.

आणि नवं पीठ जुन्यावर ओतू नका. डब्याच्या तळाशी राहिलेलं मूठभर पीठ आणि झाकणाच्या दुमडलेल्या काठात अडकलेली भुकटी, सगळं बिऱ्हाड तिथेच असतं. काठातून दातकोरणी फिरवून बघा, मग माझ्यावर विश्वास बसेल. डबा धुतल्यावर त्याच घडीत पाणीही राहतं. मी स्टीलचा डबा मंद गॅसवर मिनिटभर धरून कोरडा करते आणि गार झाल्यावरच भरते.

खवटपणाला ना किडे लागतात ना ओल. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. अख्ख्या दाण्यात ते आत सांभाळलेलं असतं. कूट केलं की त्याला सगळीकडून हवा लागते आणि उष्ण स्वयंपाकघरात ते झपाट्यानं बिघडतं. डबा हवाबंद असला, पण अर्धा रिकामा असला, तर वरची अर्धी हवा तुम्हीच कुटासोबत कोंडलीत. म्हणून छोटी बरणी, काठोकाठ भरलेली, आणि आठवड्याचंच कूट; बाकी दाणे भाजल्याशिवाय फ्रिजमध्ये. काजू, अक्रोड, तीळ, सगळ्यांना हाच न्याय. वास ओळखायचा तर दोन दाणे तळहातावर चुरडून हुंगा: समईत उरलेल्या जुन्या तेलासारखा वास आला की संपलं. ही परीक्षा भाजण्याआधीच करायची, कारण भाजताना येणाऱ्या खमंग वासात खवटपणा लपतो आणि मग तो थेट साबुदाण्याच्या खिचडीत भेटतो. बुरशी दिसलेले, काळवंडलेले दाणे मात्र भाजून वापरू नका. त्या बुरशीचं विष भाजण्यानं पुरतं जात नाही.

इथे माझ्या माहेरालाही हरवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे बाजरी. सोलापूरच्या कोरड्या हवेतसुद्धा बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट लागायचं आणि आई गिरणीवाल्यावर रागवायची. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. बाजरीत गव्हाच्या दुपटीहून जास्त तेल असतं आणि ते फोडणारं द्रव्यही दाण्यातच असतं. दाणा अख्खा असेपर्यंत दोघं वेगळे राहतात, दळलं की गाठ पडते. कोकणच्या उष्ण दमट हवेत तर चार-पाच दिवसच मोजा. तीन-चार दिवसांपुरती बाजरी दळा, नाहीतर पीठ फ्रीझरमध्ये ठेवा. हे लक्षात आल्यापासून आमच्याकडे भाकरी कडू झालेली नाही. ती जाड होते, तो वेगळा विषय.

साखरेचं थोडक्यात. बारीक दाण्याची साधी साखर साधारण 84-85 टक्के आर्द्रतेपर्यंत तग धरते, त्यापुढे पाणी ओढते. रत्नागिरीचा जुलै नेमका त्या रेषेच्या वर. दिवसा ती ओलसर होते, गॅस पेटला की शेजारचा डबा तापून पुन्हा सुकते, आणि असं होता होता दाण्याला दाणा चिकटून खडा बनतो. डबा शेगडीपासून लांब ठेवला तरी अर्धं भांडण मिटतं. पिठीसाखर मात्र ऐनवेळी मिक्सरला लावा. ती साठवण्याचा हट्ट मी सोडला.

मसाल्याला सासूबाईंची रीत अजून चालते. मिरच्या, धणे एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर पातळ पसरून कडक करायचे. त्या तापलेल्या पत्र्यावर मिरचीच्या पोटातल्या अळ्याही मरतात. मिरचीला टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर ती या अळ्यांपासून होणाऱ्या बारीक तपकिरी भुंग्याचीच, तशी मिरची बाजूला काढायची. डंकावरून मसाला गरम येतो, तो रात्रभर नाही, पण संध्याकाळपर्यंत निववायचा, मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, तळाशी आणि वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि तोंडावर दादरा बांधायचा. हिंगानं आधीची अंडी मरत नाहीत. बाहेरच्यांना थोपवायला मात्र बरा. आणि रोजच्या वापराची वाटीभर बाटली वेगळी ठेवायची. उकळत्या आमटीवर बरणी धरून मसाला घालणारे हात आमच्या घरात दोन होते. त्यातला एक माझा होता, आणि सासूबाईंनी तो एकदा चक्क धरला.