शेकडा पाच

“आई, माझ्या लग्नासाठीच्या कर्जाचा चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे. सावकार उद्या पैसे द्यायला तयार आहे, मग तू एवढी का घाबरतेस?”

चिरंजीवास आशीर्वाद.

फोनवर मी चिडते आणि मूळ मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते. सावकार “शेकडा पाच” म्हणतो तेव्हा तो महिन्याचा दर असतो, म्हणजे वर्षाला साठ. शिवाय पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून शंभराऐवजी पंच्याण्णवच हातात ठेवतात आणि व्याज मात्र शंभरावर चढते.

तुझ्या आत्याच्या लग्नाला आम्ही असेच कर्ज काढले. तुझे बाबा कचरत होते. “फेडू की, त्यात काय,” असे म्हणणारी मीच होते. कोऱ्या मुद्रांकावर त्यांनी सही केली तेव्हा मी शेजारी बसून चहा पीत होते. दरमहा शंभरामागे पाच आम्ही वीस महिने नेमाने भरले. तेवढ्यात कर्जाएवढी रक्कम गेली आणि मुद्दल जसेच्या तसे राहिले. दरमहा आठ देऊन वरचे तीन मुद्दलात वळते करून घेतले असते, तर साधारण त्याच वीस महिन्यांत सारे फिटले असते. मी तसे विचारलेही होते. “मुद्दल एकरकमी आणा,” एवढेच उत्तर मिळाले, कारण मुद्दल थोडे थोडे फिटले की त्याचे व्याज घटते.

शेवटी दागिने मोडून मी मुद्दल घेऊन गेले. त्याने वही स्वतःकडे वळवली, बोट ओले करून पाने उलटली आणि दोन महिन्यांचे व्याज थकल्याचे सांगितले. ते मी स्वतः नेऊन दिले होते, पण पावती कधी मागितली नव्हती. मागणे अपमानाचे वाटायचे, आणि तोही ओळखीचा होता. थकबाकी मुद्दलात मिळवून त्याने नवा आकडा सांगितला. कोऱ्या कागदावर आता मजकूर होता आणि खाली यांची सही होती. ते दोन महिने मी दुसऱ्यांदा भरले, तेव्हा कुठे कागद परत मिळाला.

तू म्हणशील की ती आमची बावळटपणाची गोष्ट आहे आणि तू पावती घेशील. घे, पण पावती घेतली म्हणून या सावकाराचा दर काही कमी होत नाही, आणि चार महिने हे तुझ्या पगारातून निघालेले गणित नाही, तुझ्या आशेतून निघालेले आहे. लग्नानंतर लगेच घर मांडण्याचा खर्चही येणारच आहे.

हेही कबूल करते की त्या दिवशी त्याने पैसे दिले नसते तर लग्न अडले असते. बँकेने आम्हाला महिनाभर खेटे घालायला लावले होते आणि त्याने एका संध्याकाळीत रक्कम हातात ठेवली. लग्न पुढे ढकलायला हवे होते का, हे मला आजही सांगता येत नाही. तुझ्या आत्यालाही मी कधी विचारलेले नाही.

खर्चाची यादी घेऊन रविवारी ये. सही मात्र तोवर करू नकोस.

तुझी आई