सोप्यावरचा तीन माणसांचा सीन आणि ॲक्सिस: माझा अनुभव

आमच्या शॉर्टफिल्ममधला मेन सीन सांगलीत गावभागातल्या एका जुन्या घरात शूट करायचा होता. दोन भाऊ वाटणीचं बोलतायत, आणि आई सोप्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलतीय, बोलण्यात आहे पण आणि नाही पण. लिहिताना हे भारी वाटलेलं, पण शॉट पाडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सगळा पेच आईच्या बसण्याच्या जागेत आहे. दोन माणसांचा डायलॉग सीन बहुतेकांना जमतो, तिसरं माणूस आलं की ॲक्सिसचा, म्हणजे बोलणाऱ्यांच्या नजरा जोडणाऱ्या रेषेचा, खरा कस लागतो, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितोय.

आधी जागा सांगतो म्हणजे पुढचं कळेल. सोपा लांबट, एका लांब बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला चौक. चौकात उभं राहून सोप्याकडं बघितलं की डाव्या हाताला खुर्चीवर थोरला, उजव्या हाताला कॉटवर धाकटा, दोघं समोरासमोर, मधे सहा-सात फूट अंतर. आणि दोघांच्या मधोमध, पण चौकाच्या काठाला, पायरीवर आई, तोंड आत सोप्याकडं.

दोन भावांच्या नजरा जोडणारी जी रेषा, तो ॲक्सिस. नियम एवढाच की त्या सीनसाठी रेषेची एक बाजू धरायची आणि सगळे शॉट त्याच अर्ध्या वर्तुळातून घ्यायचे, म्हणून त्याला १८० डिग्रीचा नियम पण म्हणतात. आम्ही चौकाची बाजू धरली, कारण उजेड तिथूनच येत होता. तिथनं थोरला फ्रेममध्ये डावीकडं आणि त्याची नजर उजवीकडं, धाकटा उजवीकडं आणि त्याची नजर डावीकडं. (डावं-उजवं मी सगळीकडं बघणाऱ्याच्या बाजूनं लिहितोय, नटाच्या नाही.) आता क्लोजअपमध्ये एकेकटा चेहरा असला तरी एक उजवीकडं बघतोय आणि दुसरा डावीकडं, म्हणून बघणारा मनातल्या मनात दोघांना समोरासमोर बसवतो. कॅमेरा जर मधेच भिंतीच्या बाजूला गेला तर तोच थोरला डावीकडं बघताना दिसेल. कुस्तीच्या मैदानात उठून समोरच्या बाजूला जाऊन बसलं की डावीकडचा पैलवान उजवीकडं दिसायला लागतो, तसंच हे, फक्त मैदानात आपण स्वतः चालत गेलेलो असतो म्हणून गोंधळ होत नाही, आणि कटमध्ये बघणाऱ्याला न सांगता उचलून पलीकडं ठेवलेलं असतं.

आता आई. ती जर भिंतीच्या बाजूला बसली असती तर काही विषयच नव्हता, चौकातनं तिघंही समोर दिसले असते, थोरल्याशी बोलताना ती डावीकडं बघणार, धाकट्याशी बोलताना उजवीकडं, आपोआप. पण मला ती पायरीवरच पाहिजे होती, कारण पायरी म्हणजे घरात पण नाही आणि बाहेर पण नाही, सीनचा अर्थच तो आहे. मग चौकातल्या कॅमेऱ्याला तिची पाठ दिसणार, आणि तिचा चेहरा घ्यायचा कुठनं?

कॅमेरावाला मित्र लगेच म्हणाला, "सोप्पं आहे की लेका, दोन भावांच्या मधे कॅमेरा लावतो, आईचा फुल फेस मिळतोय, मागं चौक, भारी दिसंल." दिसलं असतं पण, फ्रेम म्हणून. पण भावांच्या मधनं चौकाकडं बघितलं की थोरला आपल्या उजव्या हाताला येतो. म्हणजे आई थोरल्याकडं बघून बोलली की तिची नजर फ्रेममध्ये उजवीकडं जाणार. आणि थोरल्याच्या क्लोजमध्ये तो पण उजवीकडंच बघतोय. दोघंही एकाच दिशेला बघतायत, म्हणजे कट मारला की दोघं मिळून तिसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत असं वाटणार. त्याहून वाईट म्हणजे आई उजवीकडं बघतीय म्हटल्यावर बघणाऱ्याला वाटणार की ती धाकट्याशी बोलतीय, कारण आतापर्यंत धाकटा उजवीकडं बसलेला त्यानं बघितलाय. वाटणीच्या सीनमध्ये आई कुणाची बाजू घेतीय हेच उलटं कळलं तर राहिलं काय?

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून आदल्या दिवशी तिथंच घरातल्या तिघांना बसवलं आणि मोबाईलवर प्रत्येक जागेवरनं एकेक फोटो काढला, मग फोटो कटच्या क्रमानं एकामागनं एक सरकवून बघितले. आवाज नाही, डायलॉग नाही, नुसत्या नजरा. ही टेस्ट मी सगळ्यांना सांगतो, कारण आवाज असला की कान सावरून घेतात आणि चूक डोळ्यातनं निसटते. फोटो बघितल्यावर मित्र गप झाला आणि म्हणाला, "मग हिचा क्लोज एका जागेवरनं मिळणारच नाही."

नाहीच मिळत. तीन माणसं म्हटली की एक रेषा राहत नाही, तीन रेषा होतात: थोरला-धाकटा, थोरला-आई, धाकटा-आई. त्या क्षणाला जे दोघं एकमेकांकडं बघतायत त्यांची रेषा चालू. मग मी एकच गोष्ट पक्की केली, थोरल्याची नजर कायम उजवीकडं आणि धाकट्याची कायम डावीकडं, मग ते एकमेकांकडं बघू देत नाहीतर आईकडं. त्यावरनं बाकीच्या जागा आपोआप ठरत गेल्या.

थोरल्याच्या क्लोजला कॅमेरा चौकातच, पण आईच्या डावीकडं सरकवून, म्हणजे आई लेन्सच्या उजव्या अंगाला येते. तो भावाकडं बघत असला की नजर लांब उजवीकडं, आईकडं वळला की लेन्सच्या जवळ येते पण तरी उजवीकडंच राहते. धाकट्याच्या क्लोजला याच्या बरोब्बर उलट, कॅमेरा आईच्या उजवीकडं. हे वीत-दोन वीत सरकवणं महत्त्वाचं आहे, कारण कॅमेरा आईच्या डोक्यामागं मधोमध राहिला तर नजर लेन्समध्येच घुसते, आणि जरा पलीकडं गेला तर भावानं आईकडं बघितल्या बघितल्या दिशाच उलटते.

आणि आईचे क्लोज दोन. थोरल्याशी बोलते तेव्हा कॅमेरा थोरल्याच्या मागं, त्याच्या उजव्या खांद्यावरनं, म्हणजे चौकाकडच्या खांद्यावरनं. फ्रेममध्ये त्याचा खांदा डावीकडं, आई उजवीकडं, आईची नजर डावीकडं. धाकट्याशी बोलते तेव्हा धाकट्याच्या मागनं, त्याच्या डाव्या खांद्यावरनं, तिथं आई डावीकडं आणि नजर उजवीकडं. आता डावीकडं बघणारी आई थोरल्याची, उजवीकडं बघणारी धाकट्याची, बघणाऱ्याला नाव घेऊन सांगायची गरज नाही.

यात एक बारीक पेच आहे. थोरल्याच्या खांद्यावरनं शॉट चालू असताना आईनं तिथंच मान वळवून धाकट्याकडं बघितलं तर त्या फ्रेममध्ये ती आणखी डावीकडं वळते, उजवीकडं नाही. आणि तिथनं धाकट्याच्या क्लोजवर कट मारला तर तो पण डावीकडं बघतोय, परत दोघं एकाच दिशेला. म्हणून आईची मान वळायला लागली की वळतानाच कट मारून धाकट्याच्या बाजूच्या शॉटवर जायचं, तिथं तिची मान वळून येऊन नजर उजवीकडं स्थिर होते. यासाठी ते वळणं दोन्ही शॉटमध्ये पूर्ण करून घेतलं, आमच्या आईचं काम करणाऱ्या काकूंनी न कंटाळता करून दिलं, मान वळवतानाच हातातली शेंग फुटली पाहिजे इतकं सेम.

शूट सीनच्या क्रमानं होत नाही, एका जागेवरचे सगळे शॉट एकदम घ्यायचे, नाहीतर उजेड पळतो. म्हणून कंटिन्युटीच्या वहीत प्रत्येक शॉटपुढं नुसता बाण काढायचा, नजर कुठं आणि कुणाकडं. "आई ← थोरला", एवढंच. गडबडीत कुणी विचारलं तर वहीत बघून दोन सेकंदात सांगता येतं.

सीनच्या शेवटाला धाकटा उठून आईशेजारी पायरीवर जाऊन बसतो, आणि तिथं मला मुद्दाम रेषा ओलांडायची होती. आता घराचे दोन भाग झाले, एकीकडं आई आणि धाकटा, एकीकडं एकटा थोरला, तर चित्र पण पालटलेलं दिसू दे. पण कट मारून नाही, बघणाऱ्याला सोबत घेऊन. थोरल्याच्या उजव्या खांद्यावरनं सुरू केलं, धाकटा उठून चालायला लागला की कॅमेरा थोरल्याच्या पाठीमागनं फिरत त्याच्या डाव्या खांद्यावर, भिंतीच्या बाजूला. त्याची पाठ फ्रेममधनं सरकते आणि मायलेक उजवीकडचे डावीकडं येतात. ट्रॉली नव्हती, शहाबादी फरशी गुळगुळीत होती, मित्राला सतरंजीवर बसवून दोघांनी हळूहळू ओढलं. त्यानंतर थोरला डावीकडं बघतो, मायलेक उजवीकडं, आणि कुणाला काही खटकत नाही, कारण ओलांडताना त्यांनी बघितलंय.

एडिटला एक रिॲक्शन पाहिजे होती, धाकटा बोलत असताना आईची नुसती नजर, आणि प्लॅनमध्ये नसलेली. कुणीतरी म्हणालं डावीकडं बघणारी आई आहे ना, फ्लिप मार, झाली उजवीकडची. पण पदर डाव्या खांद्यावरचा उजव्यावर जातो, आणि आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ते पहिल्या फटक्यात दिसतं. पुरुषाच्या शर्टाचा खिसा, केसांचा भांग, मागच्या कॅलेंडरवरचे आकडे, हे सगळं असंच उघडं पाडतं. त्याऐवजी शेंगा सोलणाऱ्या हातांचा इन्सर्ट, म्हणजे मधेच एक जवळचा शॉट, टाकला, हात सोलता सोलता थांबतात. हाताला दिशा नसते. मात्र इन्सर्ट टाकला म्हणजे पुढचा-मागचा चुकीचा शॉट बरोबर होतो असं नाही, कट जरा मऊ होतो इतकंच, त्यानंतर नजर उलटीच असली तर गोंधळ परत उभा राहतो.

या सीननंतर धाकटा घरातनं निघून आयर्विन पुलावरनं सांगलीवाडीकडं जातो, तिथं रेषा माणसाच्या चालण्याची. दारातनं तो फ्रेमच्या उजवीकडनं बाहेर पडतो, म्हणून पुढच्या गल्लीत डावीकडनं आत येतो, आणि पुलावर पण डावीकडनं उजवीकडं चालतो, त्यासाठी कॅमेरा पुलाच्या एकाच बाजूला ठेवला. दुसऱ्या बाजूला जाऊन घेतलं असतं तर तो घरी परत चाललाय असं वाटलं असतं. पुलाच्या दुसऱ्या बाजूची नदी पण मोह पडावी अशी होती, तिथला एक शॉट घेतलाच, पण त्याच्या आधी धाकटा सरळ कॅमेऱ्याकडं चालत येतोय असा एक शॉट लावला, त्यात डावं-उजवं काहीच नसतं, त्यामुळं त्याच्यानंतर दिशा बदलली तरी चालतं. फक्त मग संध्याकाळी तो परत येताना ही नवी दिशा लक्षात ठेवून तिच्या उलटं चालवावं लागलं.