ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा: वाट सोपी, फक्त स्पॉन्सरचा घाट जपून चढा

'फॉर्म काय, अर्ध्या तासात होतो,' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. प्रश्न सोपे आहेत, पण पासपोर्ट, आधीचे प्रवास आणि खर्च या तीन भागांतली उत्तरं एकमेकांना छेद देतात आणि नकार तिथून येतो. फोटो, अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे हे सगळं विनासायास पार पडतं, त्यावर इथे शब्द खर्च करत नाही.

नाव ओळखपत्रावरून नव्हे, पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन ओळींवरून उतरवा. तिथे `JOSHI<<MEERA<ANIL` असं छापलेलं असेल तर दोन खुणांच्या आधीचं ते आडनाव आणि नंतरचं सगळं 'दिलेलं नाव', मधल्या नावासकट. विमानाचं तिकीट, नोकरीचं पत्र आणि निमंत्रण यांवरही हेच नाव हवं. कुठे वेगळं असेल तर कारण एका ओळीत लिहून पुरावा जोडा. पासपोर्ट क्रमांकात इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत सर्रास होते.

प्रवासाचा भाग स्मरणशक्तीवर सोडणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. फॉर्म मागच्या १० वर्षांचं विचारतो, म्हणजे जुना, कोपरा कापलेला पासपोर्टही समोर हवा. आधी कागदावर तक्ता करा: देश, आत गेल्याची तारीख, बाहेर पडल्याची तारीख, कारण. तारखा शिक्क्यांवरून घ्या, तिकिटावरून नको. रात्रीचं विमान असेल तर निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस वेगळा असतो. शिक्काच नसेल तर बोर्डिंग पास किंवा तिकिटाचा ईमेल शोधा.

याच ओघात विचारतात की कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का. 'जुना नकार लिहू नका, त्यांना कळत नाही' हा सल्ला पैसे घेऊन दिला जातो आणि तो घातक आहे. जुना नकार सांगितला तर अर्ज फेटाळला जाईलच असं नाही. जाणूनबुजून लपवला आणि तो फसवणूक ठरला, तर १० वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं. देश, महिना, वर्ष, नकाराचं कारण आणि त्यानंतर काय बदललं, एवढं लिहा.

आता स्पॉन्सरचा, म्हणजे प्रवासाचा खर्च उचलणाऱ्याचा, घाट. समजा, बहीण १८ दिवसांसाठी तिकडे राहणाऱ्या भावाकडे निघाली आहे. फॉर्ममध्ये तिने लिहिलं की १५०० पाउंड खर्च येईल आणि तो ती स्वतः करेल. भावाच्या पत्रात मात्र 'सगळा खर्च मी करीन' असं आहे. तिच्या खात्यात २१०० पाउंडांइतकी रक्कम दिसते, पण त्यातले ९०० अर्जाच्या १० दिवस आधी भावाकडून आलेले. पगार महिना ३५०, फॉर्ममध्ये मासिक खर्च १००, आणि स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला २९० जाताना दिसतात. अधिकारी साधी वजाबाकी करतो: शिल्लक महिना ६०. या हिशोबाने १५०० साठायला २५ महिने लागतात. मग हे पैसे नक्की कोणाचे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर अर्जात नसेल तर नकार जवळपास ठरलेला.

खात्यात पैसे भरून आकडा फुगवणं हीच इथली चूक. खरं चित्र कमजोर नव्हतंच: ६० च्या हिशोबाने २० महिन्यांत साठलेले १२०० तिचे स्वतःचे आहेत. तिकिटाचे ५५० आणि हातखर्चाचे १५० असे ७०० ती देते, परतल्यावर ५०० शिल्लक राहतात. राहणं-जेवण भावाकडे, त्याचे ४५० धरा. मग तिच्या खर्चाच्या प्रश्नाला ७००, 'दुसरं कोणी खर्च करणार का' याला हो, रक्कम ४५०, कारण त्याच्या घरी मुक्काम. मासिक खर्च २९०. भावाच्या पत्रात हाच ४५० चा आकडा, ह्याच तारखा, हाच पत्ता. सोबत त्याचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, तिथे राहण्याच्या हक्काचा पुरावा आणि दोघांचं नातं दाखवणारा कागद. ९०० आधीच आले असतील तर ते लपवू नका आणि घाईने परतही पाठवू नका. ते कोणी आणि कशासाठी दिले, हे पत्रात लिहा आणि ती रक्कम तिच्या बचतीत धरू नका.

'सगळा खर्च मी करीन' हे वाक्य पत्रातून काढाच. आकडा नसलेलं आश्वासन तपासता येत नाही.

फी भरण्याआधी सगळी उत्तरं छापून घ्या आणि दुसऱ्या दिवशी, डोकं ताजं असताना, निमंत्रणपत्र शेजारी ठेवून वाचा. तारखा, पत्ता आणि रक्कम पेन्सिलीने जोडत जा. अर्ज पाठवल्यावर त्यात बदल करता येत नाही. तेव्हा चूक सापडली तर कोणत्या प्रश्नाचं उत्तर चुकलं आणि बरोबर उत्तर काय, एवढंच सांगणारं सहीचं पत्र इतर कागदांच्या वर जोडा.