सव्वा किलोची चकती

वरुड तालुक्यातल्या एका मोठ्या गावात माझी जिम आहे. जिम म्हणजे शटरचा गाळा, वर पत्रे आणि एका भिंतीला आरसा. येणारी बहुतेक पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी. त्यांच्यात सोयाबीन विकून मोकळे झालेले, पन्नाशीला टेकलेले एक संत्रावाले काका दाखल झाले. डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचं सांगितलं होतं. मी आधी बीपी तपासून आणायला लावलं, कारण दम कोंडून वजन ढकललं की रक्तदाब एकदम चढतो.

पहिल्या दिवशी बाकावर उताणं झोपवून रिकामा बार हातात दिला.

"मास्तर, मी 45 किलोची युरियाची गोणी खांद्यावर टाकून चालतो, अन् तू मले हा नुसता दांडा देऊन रायला?"

"दांडा 20 किलोचा आहे काका. छातीपर्यंत आना अन् ढकला वर."

सातव्या-आठव्या वेळेला त्यांचा डावा हात मागे पडायला लागला. गोणी उचलताना मांड्या, कंबर, पाठ सगळं अंग मदतीला धावून येतं. उताणं झोपलं की ती मदत बंद, सगळा भार छाती, खांदा आणि दंडाच्या मागच्या स्नायूवर. काका गप्प झाले, पण पटलं नव्हतं.

पुढचा महिना-दीड महिना वजन भराभर चढलं. नव्या माणसाचं असंच होतं. त्या काळात स्नायू फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू नीट कामाला लावायला शिकतात. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका भरायला दोन-तीन महिने सहज जातात, आणि त्याला हाडाशी जोडणारा कंडरा त्याहून सावकाश बळकट होतो. हे मी सांगितलं होतं. पण काकांनी वहीत वेगळाच हिशेब मांडला होता, "या चालीनं होळीलोक ऐंशी किलो."

40 किलोवर गाडी अडली. एका सकाळी मी एका पोराच्या स्क्वॉटकडे बघत होतो, तेवढ्यात काकांनी दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो चढवले. बार खाली आला तो छातीवरच बसला. "अरे बाप्पा!" एवढंच ऐकू आलं. धावत जाऊन बार उचलला.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, अंग दुखतं. मी विचारलं, कुठं ते एका बोटानं दाखवा. त्यांनी उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला नेमकं बोट ठेवलं. माझी ही जुनी कसोटी आहे. व्यायामाचं दुखणं तळहातानं दाखवावं लागतं, बहुधा दोन्हीकडे असतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. एका बोटाखाली मावणारं, बार धरला की वाढणारं दुखणं सांध्याचं किंवा कंडऱ्याचं असू शकतं. मी बेंच प्रेस बंद केली, पाय आणि पाठ चालू ठेवली. रात्री झोपमोड झाली किंवा हाताला मुंग्या आल्या तर थेट डॉक्टर, असं बजावलं. सुदैवानं तशी वेळ आली नाही.

काका चिडले, "म्हणजे आता मागं जाचं?" मी म्हटलं, पाणी देऊन बागेचा ताण तोडायच्या आधीच तुम्ही फुलं मोजता का? यावर मात्र ते हसले.

खरी अडचण मला नंतर दिसली. माझ्याकडची सगळ्यात छोटी चकती अडीच किलोची. दोन्हीकडे एकेक लावली की 40 चे थेट 45 होतात, म्हणजे साडेबारा टक्के एका उडीत. पोरं ती मारून नेतात, या वयाचा खांदा नेत नाही. बसस्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाटीच्या दोन गोल चकत्या कापून घेतल्या आणि किराणावाल्याच्या काट्यावर ठेवल्या. एक भरली 1 किलो 340 ग्रॅम, दुसरी 1 किलो 290. काका स्वतः ग्राइंडरपाशी उभे राहिले. घासा, काट्यावर ठेवा, परत घासा. दोन्ही सव्वा किलोला आणूनच उठले.

खांदा शांत झाल्यावर 30 किलोपासून पुन्हा सुरुवात केली. नियम एकच: तीन सेटमध्ये प्रत्येकी दहा वेळा स्वच्छ निघाल्याशिवाय वजन वाढवायचं नाही, वाढवलं की आठवर यायचं आणि परत दहापर्यंत चढायचं. 40 वर काकांचा शेवटचा सेट बरेच दिवस नऊवर अडला होता. वहीत ते "9" लिहायचे, तोंड वाकडं करायचे, पण चकतीला हात लावत नव्हते. मी आडून बघत होतो.

42.5 निघाले तेव्हा आंबिया बहराची फळं बोराएवढी झाली होती. आता पेरणी तोंडावर आहे, पंधरा-वीस दिवस येणं होणार नाही. काल जाताना त्यांनी विचारलं, "परत आल्यावर कितीपासून धरू?"

"ताकद एवढ्यात जात नाही काका. तरी 37.5 पासून."

"35 च लिहितो," म्हणाले आणि वही खिशात घातली.