आईचं इरकल

गौरीचा दिवस, रात्री

आज आईला लुगडं दिलं. आण्णा आणि मी जानेवारीपासून महिन्याला पाचशे-पाचशे बाजूला टाकत होतो. तो उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, मी खानापुरात. पैसे त्याच्याकडेच ठेवले, कारण माझे कपडे धुवायला टाकण्याआधी आई प्रत्येक खिसा उलटा करते.

‘मला कशाला गा इरकल? हैत की पाच-सहा पेटीत,’ हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पेटीत आहेत ती सगळी लग्नाकार्यात आलेली, साधी. आजीचं एकच इरकल होतं, हिरव्या अंगाचं, लाल काठपदराचं. ते विरलं तेव्हा आईने त्याची वाकळ शिवली, पण पदर वर दिसेल असा ठेवला. ती वाकळ कुणी पांघरली की आई म्हणते, ‘पाय पदराकडे करू नको.’ तिला काय हवंय ते कळायला मला चाळिशी गाठावी लागली, याचं वाईट वाटतं.

मे महिन्यात बेळगावात एका दुकानात तसंच हिरवं-लाल लुगडं मिळालं. भाव निम्मा. आण्णा घ्यायला निघालाच होता. मी पदर उजेडात धरला, तर लाल रंग मळकट, त्यात तपकिरी झाक. आजीचा पदर इतका विटला तरी लालच आहे. घरी येऊन रात्री वाकळीवर बोट फिरवून बघितलं. पदर जिथं सुरू होतो तिथं आडवी बारीक कंगोऱ्यासारखी रेघ लागते. दुकानातल्या लुगड्यात ती नव्हती.

तिचा उलगडा इलकलला जाऊन झाला. विणकराच्या घरात खड्ड्याचा माग होता, पाय खड्ड्यात सोडून तो बसलेला. मला कन्नड येतं, म्हणून त्याने सविस्तर सांगितलं. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, हिरवा आणि पदराचा ताणा लाल, हे दोन वेगळे असतात. विणायच्या आधी दोन्हीचे धागे एकमेकांत फासे घालून जोडतात. त्याला तोप-तेनी म्हणतात. मग पदरात उभा धागाही लाल आणि आडवाही लाल, म्हणून रंग भरीव दिसतो. हा जोड टाळला, तर हिरव्या ताण्यावरच लाल धागा मारावा लागतो आणि रंग मळतो. त्याची बायको आणि सून शेजारी बसून तेच फासे घालत होत्या. एकीने धाग्यांचा झुबका धरायचा, दुसरीने गुंतवायचा. मी तासभर बसलो, तेवढ्यात चार बोटं रुंदीसुद्धा पुरी झाली नाही.

‘रेशीम की चमका?’ त्याने विचारलं. चमका म्हणजे नकली रेशीम, स्वस्त पडतं. मी रेशीम म्हणालो. मग तो म्हणाला, ‘किती वार?’ आणि मी अडकलो. पदर आधीच ताण्याला जोडलेला असतो, त्यामुळे लांबी पहिल्याच दिवशी ठरवावी लागते, मागाहून वाढवता येत नाही. आई रोज सहावारी नेसते. तिथूनच आण्णाला फोन केला, तो म्हणाला सहावारी. मला पटेना. मावशीला लावला. ती म्हणाली, ‘तिच्या पेटीत तळाला बघ, नऊवारीवरची चोळी अजून जपून ठेवलीया.’ नऊवारी सांगितलं. आठ हजार ठरले.

जूनमध्ये पोरांची फी आली आणि माझा हप्ता चुकला. जुलैचाही नाही जमला. आण्णाने काही न बोलता दोन्ही भरले. मी विषय काढला की तो फौंड्रीतल्या ओव्हरटाइमचं बोलायचा.

आज दुपारी नैवेद्य झाल्यावर पिशवी आईच्या पुढ्यात ठेवली. ‘कशाला एवढा खर्च? परत देऊन या,’ असं म्हणत तिने घडी उलगडली. अंगाकडे बघितलंच नाही. सरळ पदर शोधला, उलटा केला आणि अंगठ्याचं नख जोडावरून या काठापासून त्या काठापर्यंत हळूच ओढत नेलं. ‘हातानं जोडलेलं हाय,’ म्हणाली. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

घडी घालताना तिने विचारलं, ‘दोघांनी सारखे घातले काय?’

मी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाला, ‘सारखेच गं.’

आईने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. लुगडं गौरीपुढे ठेवून हळदीकुंकू लावलं आणि आण्णाच्या ताटात अजून एक पुरणपोळी वाढली.